आमची वाटचाल: टाकीत काय आहे, हे आधी विचारतो

रबाळे एमआयडीसीत आम्ही सुरुवात केली ती सिलिंडर रिफिलिंगपासून. फोमची कामं पुढे मिळू लागली, आणि आज इंधनाच्या टाक्यांसाठी आग विझवणारा फोम पुरवणं, बसवणं हाच आमचा मुख्य धंदा आहे.

पूर्वी चौकशी यायची ती ठरलेली: ‘पेट्रोल-डिझेल आहे, ३ टक्केवालं एएफएफएफ पाठवा.’ एएफएफएफ म्हणजे साधा फोम, पाण्यात ३ टक्के कॉन्सन्ट्रेट मिसळून करायचा. पेट्रोलवर ते छान चालतं. फोममधून झिरपणाऱ्या पाण्याचा पातळ थर इंधनावर पसरतो आणि वाफ कोंडतो. पण आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते मिसळणाऱ्या डेपोत शुद्ध इथेनॉलची टाकी वेगळी असते. इथेनॉल पाण्यात विरघळतं, म्हणून फोममधलं पाणी ओढून घेतं आणि बुडबुडे फुटतात. ग्राहकाला पटवायला आम्ही ट्रेमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल ओततो, आग न लावता, आणि त्यावर साधा फोम सोडतो. चरचर आवाज करत तो बघता बघता विरतो. अल्कोहोल रेझिस्टंट, म्हणजे एआर फोम, टिकतो. त्यातलं पॉलिमर अल्कोहोलवर सायीसारखा चिकट पडदा धरतं.

महापेतल्या एका ग्राहकाची ६ मीटर व्यासाची इथेनॉलची टाकी होती, क्षेत्रफळ सुमारे २८.३ चौरस मीटर. पेट्रोल असतं तर दर चौरस मीटरला मिनिटाला ४.१ लिटर फोम द्रावण धरलं असतं. ५५ मिनिटांसाठी ३ टक्क्यांनी साधारण १९१ लिटर कॉन्सन्ट्रेट लागलं असतं. इथेनॉलसाठी निवडलेल्या एआर फोमच्या डेटाशीटवर दर होता ६.५, म्हणजे मिनिटाला १८४ लिटर द्रावण आणि एकूण ३०४ लिटर कॉन्सन्ट्रेट. तोच माल ‘३×६’ प्रकारचा असेल तर अल्कोहोलवर ६ टक्के लागतो, मग ६०७ लिटर! लिटरचा भाव बघून स्वस्त वाटलेलं कोटेशन इथेच महाग पडतं. आम्ही ‘३×३’ घ्यायला लावलं.

मात्र नुसता माल बदलून भागत नाही. बहुतेक एआर कॉन्सन्ट्रेट घट्ट, जेलीसारखं असतं. कॉन्सन्ट्रेट ओढून पाण्यात मिसळणारा इंडक्टर पातळ एएफएफएफसाठी बसवलेला असेल, तर ते पुरेसं ओढत नाही, मग नळीतून पांढरा फेस दिसतो खरा, पण त्यात ३ टक्के नसतात. म्हणून द्रावणाचा नमुना रिफ्रॅक्टोमीटरवर तपासून, कमी आलं तर इंडक्टर बदलायला सांगतो. जुन्या टाकीतल्या एएफएफएफवर एआर ओतणं तर कधीच नाही. आणि फोम मॉनिटरने, म्हणजे तोफेसारख्या नळाच्या जोरदार धारेने, इथेनॉलमध्ये मारायचा नाही. पडदा धरण्याआधीच तो द्रवात बुडून वाया जातो. टाकीच्या आतल्या भिंतीवरून पोअररने हलकेच उतरवायचा.

हे सगळं ऐकून काही ऑर्डर दुसरीकडे जातात. तरी टाकीत नेमकं कोणतं द्रव आहे ते लेखी मिळाल्याशिवाय आम्ही आता कोटेशन देत नाही.