‘अरे ओ सांभा, कितने आदमी थे?’ : ‘शोले’त नसलेल्या एका वाक्याची पडताळणी

आमच्या वाचनालयाच्या प्रश्नमंजुषेसाठी हिंदी चित्रपटांच्या संवादांवर प्रश्न तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा सहकाऱ्यांनी सुचवलेल्या यादीत सर्वांत वर एक वाक्य होते : ‘अरे ओ सांभा, कितने आदमी थे?’ वक्ता गब्बरसिंग, चित्रपट ‘शोले’, इतके उत्तर अपेक्षित होते. हे वाक्य गब्बरने चित्रपटात कुठेही उच्चारलेले नाही असा माझा दावा होता आणि समितीतील ज्येष्ठ सभासद ते मान्य करायला तयार नव्हते. ‘आम्ही हा चित्रपट थिएटरात कितीदा पाहिला आहे, तुम्ही आम्हाला सांगता?’ असे त्यांनी विचारले. त्यांच्या आठवणीबद्दल मला आदर आहे, परंतु आठवण कितीही जणांची असली तरी ती पुरावा होत नाही. म्हणून मी ही पडताळणी कागदावर नोंदी ठेवून पूर्ण करायचे ठरवले.

सुरुवातीला मी दावा नेमका लिहून काढला. कोणते शब्द, कोणत्या क्रमाने, कोणी, कोणाला उद्देशून आणि कोणत्या प्रसंगात, एवढ्या पाच गोष्टी लिहिल्याशिवाय शोध सुरू करू नये, असे माझे मत आहे. कारण वादाच्या ओघात दावा हळूहळू सरकतो आणि ‘असेच काहीतरी म्हणतो ना’ या ठिकाणी येऊन थांबतो. ‘असेच काहीतरी’ तपासता येत नाही. आमचा दावा असा ठरला, की रामगढहून परतलेल्या दरोडेखोरांना जाब विचारण्याच्या प्रसंगात गब्बर (अमजद खान) सांभाला (मॅक मोहन) हे वाक्य म्हणतो.

त्यानंतर तो प्रसंग आधीपासून शेवटपर्यंत पाहिला. केवळ वादग्रस्त क्षण पाहून भागत नाही, कारण चुकीच्या वाक्याचे तुकडे बहुधा त्याच प्रसंगात आजूबाजूला विखुरलेले असतात. येथेही तसेच होते. गब्बर प्रथम फक्त बुटांच्या आवाजाने आणि खडकावर घासत जाणाऱ्या पट्ट्याने जाणवतो. परत आलेले तिघे समोर उभे आहेत. त्यांतील कालियाची भूमिका विजू खोटे यांनी केली आहे, हे मराठी प्रेक्षकांना निराळे सांगायला नको. गब्बर त्यांना विचारतो, ‘कितने आदमी थे?’ या प्रश्नात कोणाचेही नाव नाही. दोन माणसे होती, असे उत्तर येते. मग गब्बरचा संताप वाढत जातो, ते दोघे होते आणि तुम्ही तिघे, तरीही रिकाम्या हातांनी परत आलात, असे तो सुनावतो, आणि त्यानंतरच तो मान वर करून हाक मारतो : ‘अरे ओ सांभा, कितना इनाम रखे हैं सरकार हम पर?’ वरून उत्तर येते, ‘पूरे पचास हज़ार.’

म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले वाक्य हे दोन वाक्यांचे जोडकाम आहे. हाक दुसऱ्या प्रश्नाची आहे आणि प्रश्न पहिला आहे. यातील कोणताही शब्द काल्पनिक नाही, सगळे शब्द गब्बरचेच आहेत, आणि म्हणूनच ते वाक्य ऐकताना कोणाला शंका येत नाही.

या प्रसंगाची मांडणी पाहिली की ते जोडवाक्य तिथे का बसू शकत नाही, हेही कळते. सांभा बंदूक घेऊन उंच खडकावर एकटा बसलेला आहे. रामगढला गेलेल्या तिघांत तो नव्हता. तेव्हा तिथे किती माणसे होती, हे त्याला विचारण्याचे प्रयोजनच नाही. ‘अरे ओ’ ही लांबच्या माणसाला घातलेली साद आहे. समोर हातभर अंतरावर उभ्या असलेल्या घाबरलेल्या माणसांना गब्बर तशी साद घालत नाही, त्यांच्याशी तो खालच्या आवाजात बोलतो, आणि त्या खालच्या आवाजातच त्या प्रसंगाची सारी दहशत आहे. बक्षिसाची रक्कम मात्र सांभाला विचारण्यात अर्थ आहे, कारण ती साऱ्या टोळीसमोर मोठ्याने सांगितली जावी, अशी गब्बरची इच्छा आहे. संशयास्पद वाक्य तपासताना मी आता प्रथम हेच पाहतो, की ज्याला उद्देशून ते म्हटले गेले असे मानले जाते, त्या पात्राला त्या क्षणी ते ऐकण्याचे कारण होते का.

मग हे जोडकाम झाले कसे? प्रसंगातून उचललेला प्रश्न एकटा पडला की त्याला ओळख उरत नाही. ‘कितने आदमी थे?’ हे तीन शब्द रेल्वेच्या डब्यातही कोणी विचारू शकेल. नकलाकाराला काही क्षणांत पात्र उभे करायचे असते, म्हणून तो त्याच प्रसंगातले, कानात बसलेले नाव पुढे आणून लावतो. हीच गोष्ट अमेरिकन चित्रपटांतही दिसते. 1980 साली आलेल्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ या चित्रपटातील डार्थ व्हेडरचे ‘ल्यूक, आय ॲम युअर फादर’ हे वाक्य जगभर उद्धृत होते. प्रत्यक्षात ल्यूकच्या बोलण्याला उत्तर म्हणून तो ‘नो, आय ॲम युअर फादर’ एवढेच म्हणतो. तिथेही समोरच्याचे नाव बाहेरून येऊन चिकटले आहे. त्यामुळे प्रसिद्ध वाक्याच्या आरंभी पात्राचे नाव असेल तर ते विशेष लक्ष देऊन तपासावे. अर्थात नाव असणे म्हणजे वाक्य खोटे असणे नव्हे. वीरूचे ‘बसंती, इन कुत्तों के सामने मत नाचना’ हे वाक्य नावासकट चित्रपटात आहे.

आता कठीण भाग. एखादे वाक्य चित्रपटात आहे, हे दाखवायला एक जागा पुरते. ते नाही, हे म्हणायला मात्र संपूर्ण चित्रपट तपासावा लागतो. गब्बर सांभाला याच प्रसंगात नव्हे, तर पुढेही हाक मारतो, तेव्हा दुसऱ्या एखाद्या ठिकाणी हे वाक्य आले असेल, ही शक्यता एका प्रसंगाने मिटत नाही. साडेतीन तासांच्या आसपासचा चित्रपट कान देऊन पुन्हा ऐकण्यापूर्वी मी सबटायटलची फाइल शोधून तिच्यात नाव हुडकले. इंग्रजी सबटायटलमध्ये ‘सांभा’ हे नाव कधी एक `a` देऊन, कधी दोन देऊन, कधी `h` घालून, कधी गाळून लिहिलेले आढळते, म्हणून आज्ञा अशी दिली :

```
grep -n -i -B 2 -E "sa+mb" sholay.srt
```

येथे `sa+mb` मुळे नावाची ही सारी रूपे सापडतात आणि `-B 2` मुळे सापडलेल्या ओळीच्या वरच्या दोन ओळी दिसतात, ज्यांत सहसा वेळ दिलेली असते. ती वेळ लावून प्रत्येक जागा मी प्रत्यक्ष ऐकली. सबटायटलवर थेट निर्णय देऊ नये, असे मी आग्रहाने म्हणेन. इंग्रजी सबटायटल हे भाषांतर असते, त्यात हाका आणि संबोधने अनेकदा गाळली जातात; हिंदी सबटायटलमध्ये गब्बरची गावरान बोली शुद्ध करून टाकलेली असते आणि ‘रखे हैं’ चे ‘रखा है’ होते. सबटायटलने फक्त जागा दाखवावी, खात्री कानाने करावी. एवढ्याने न थांबता मी गब्बर पडद्यावर असलेले सर्व प्रसंग सलग ऐकले, कारण सबटायटलमध्ये गाळलेले नाव शोधात सापडणारच नाही.

पुढचा आक्षेप आवृत्तीचा होता. ‘पूर्वीच्या प्रतीत असेल, नंतर कापले असेल,’ असे एका सभासदांनी म्हटले आणि तो आक्षेप रास्त होता. 15 ऑगस्ट 1975 रोजी, आणीबाणीच्या काळात, प्रदर्शित झालेल्या प्रतीत सेन्सॉरच्या आग्रहाने शेवट बदललेला होता. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो, आणि त्या शेवटाची प्रत नंतर प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. म्हणून मी दोन्ही शेवटांच्या प्रती तपासल्या. जाब विचारण्याचा प्रसंग दोन्हींत सारखाच आहे आणि वादातील वाक्य दोन्हींत नाही. ज्या वाक्याचा संबंध शेवटाशी असेल, तिथे मात्र कोणत्या प्रतीबद्दल बोलत आहोत, हे लिहिल्याखेरीज निर्णय देता येणार नाही. दूरचित्रवाणीवर दाखवली जाणारी प्रत तर मी पुराव्यात धरतच नाही, कारण वेळेत बसवण्यासाठी तिची कापाकापी झालेली असू शकते.

एका सभासदांनी संवादांच्या तबकडीचा दाखला दिला. ‘शोले’चे संवाद तबकडीवर निघाले होते आणि घरोघरी, उत्सवांच्या मांडवात ते वाजत असत, ही वस्तुस्थिती आहे. अनेकांच्या कानात हा चित्रपट पडद्यावरून नव्हे तर ध्वनिक्षेपकावरून उतरला. परंतु तबकडी हे निवडक प्रसंगांचे संकलन असते. तिच्यात एखादे वाक्य नसणे चित्रपटाबद्दल काहीच सिद्ध करत नाही. शिवाय अमजद खान यांनी गब्बरच्याच वेषात ग्लुकोज बिस्किटांची जाहिरातही केली होती. तोच नट, तोच वेष, पण ते चित्रपटातील बोलणे नव्हे. आठवण मात्र या दोहोंत भेद करीलच, असे नाही.

पटकथेच्या प्रतीबाबतही अशीच सावधगिरी हवी. वर उल्लेखलेल्या व्हेडरच्या प्रसंगात चित्रीकरणाच्या वेळी, रहस्य फुटू नये म्हणून, वेषातील नटाला वेगळेच वाक्य दिलेले होते, आणि खरे वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले. लिहिलेले, चित्रीकरणात म्हटलेले आणि प्रेक्षकांनी ऐकलेले, अशी तीन वेगवेगळी वाक्ये असू शकतात. ‘पात्र काय म्हणाले’ या प्रश्नाला उत्तर तिसरेच देते.

या निष्कर्षानंतर समितीने प्रश्न बदलला : जाब विचारण्याच्या प्रसंगात गब्बर सांभाला काय विचारतो? यादीतील इतर वाक्येही मी याच रीतीने तपासली. रहीम चाचांच्या भूमिकेतील ए. के. हनगल यांचे ‘इतना सन्नाटा क्यों है भाई?’ हे वाक्य, उदाहरणार्थ, निर्विवादपणे चित्रपटात आहे.

मालिकांच्या बाबतीत मात्र ही रीत अपुरी पडली. 1998 पासून वीस वर्षे चाललेल्या ‘सीआयडी’चे दीड हजाराहून अधिक भाग आहेत आणि ते सारे ऐकून ‘हे वाक्य नाही’ असा निर्वाळा देणे एका माणसाच्या आवाक्यातले नाही. तिथे मी उलट बाजूने गेलो : वाक्य सुचवणाऱ्यानेच भाग आणि वेळ दाखवावी, अशी अट घातली. जिथे ती मिळाली, ते वाक्य नोंदीत घेतले. जिथे मिळाली नाही, तिथे ‘खोटे’ असे न लिहिता ‘पाहिलेल्या भागांत आढळले नाही’ असे लिहून, पाहिलेल्या भागांचे क्रमांक त्याखाली दिले.