टक् झालं, पण कधी?

"अ‍ॅम्प चांगला वाजत असतो, मधेच टक् होतं आणि आवाज जातो. थोड्या वेळानं परत येतो. गरम होतोय का? का स्पीकर शॉर्ट आहे?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण आधी माझाच एक प्रश्न: टक् कधी होतं? चालू करताना, आवाज वाढवल्यावर, की अर्ध्या तासानं? दुकानात येणारा माणूस हे सोडून सगळं सांगतो. अ‍ॅम्प कितीला घेतला, मेव्हण्यानं कुठले स्पीकर जोडले होते, सगळं. आणि शेवटी स्वतःच निकाल देतो, "सोलापूरचा उन्हाळा ओ, तापणारच." मे महिन्यात इथं पारा चाळिशीपार असतो, त्यामुळं हे बोलणं कुणी खोडतही नाही.

हा टक् रिलेचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या एका स्विचचा. तो आउटपुट आणि स्पीकर यांच्या मध्ये बसलेला असतो. स्विच दाबला की तीन ते पाच सेकंद थांबतो, टक् करून स्पीकर जोडतो. पुढं आउटपुटवर डीसी, म्हणजे एकाच दिशेचं व्होल्टेज आलं, करंट फार ओढला गेला किंवा ट्रान्झिस्टर गार ठेवणारा धातूचा हीटसिंक फार तापला, यातलं काहीही झालं की सोडतो. कारणं तीन, आवाज एकच.

शॉर्ट ओळखणं सगळ्यात सोपं. अ‍ॅम्प बंद करा, मागच्या स्पीकरच्या सगळ्या वायरी काढा, मग चालू करा. रिले वेळेवर लागून तसाच राहिला तर बंद करून एकेक स्पीकर जोडत चला. मात्र व्हॉल्यूम शून्यावर ठेवून "शॉर्ट नाही" म्हणू नका. करंट वाहिल्याशिवाय ते सर्किट जागं होत नाही, थोडं गाणं लावावंच लागतं. ज्या वायरीवर रिले सुटला ती दोन्हीकडून मोकळी करून मल्टीमीटर लावा. दोन तारांमध्ये काहीच दिसायला नको. बहुतेकदा टर्मिनलपाशी सुटलेला तांब्याचा एखादा केसच शेजारी टेकलेला निघतो. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर सहा-सात दाखवतो, चारचा साधारण साडेतीन. एक-दीड आला तर कॉइल गेली.

वायरी काढूनही रिले लागतच नसेल तर बिघाड आतला. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन सप्लायचे चाळीस व्होल्ट थेट बाहेर आलेले असतात, असं बऱ्याचदा निघतं. तेव्हा "रिले डायरेक्ट करून द्या" म्हणणारे भेटतात. चाळीस व्होल्ट डीसी आठ ओहमच्या स्पीकरला म्हणजे दोनशे वॉटच्या वर, तेही स्पीकरचा पडदा न हलता. कॉइलचा वास यायला वेळ लागत नाही.

आता तो अर्ध्या तासानं जाणारा अ‍ॅम्प. इथं आम्हीही फसतो.

गेल्या मेमध्ये पूर्व भागातले एक काका जुना स्टिरिओ अ‍ॅम्प घेऊन आले. घराला लागूनच यंत्रमागांचं शेड. झाकण काढलं तर हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये सुताचे तंतू आणि धूळ यांचा असा थर बसलेला, की बोटानं सोलून काढला तर चादरीच्या तुकड्यासारखा अखंड निघाला. मी म्हटलं, झालं, हेच. ब्रश मारला, ब्लोअर मारला, दिला परत. चौथ्या दिवशी काका हजर. "पंचवीस मिनिटांनी जातोयच की हो."

या वेळी दुकानात लावून बसलो. सव्वीसाव्या मिनिटाला टक्. लगेच पिन काढली आणि हीटसिंकला हात लावला. कोमट. दहा सेकंद आरामात हात टेकवता आला. खरोखर तापून सुटलेल्या अ‍ॅम्पला असा हात लावून दाखवा! साठ अंशांच्या आसपास बोट टिकत नाही आणि तापमानाचा कटआउट त्याच्याही बराच वर उडतो. (पिन काढूनच हात लावा, काही अ‍ॅम्पमध्ये हीटसिंकवरच व्होल्टेज असतं.)

मग दुसरी परीक्षा. स्पीकर काढले, व्हॉल्यूम शून्य केला आणि नुसता चालू ठेवला. उष्णतेचा दोष असता तर असा रिकामा बसलेला अ‍ॅम्प दिवसभर सुटला नसता. हा साधारण तेवढ्याच वेळात सुटला. म्हणजे हीटसिंक निर्दोष, स्पीकरही निर्दोष. राहिला डीसी.

डीसी मोजताना एक चूक हमखास होते. लोक मागच्या स्पीकर टर्मिनलवर मीटर लावतात. रिले सुटलेला असेल तर तिथं शून्यच येणार, बिघाड तर रिलेच्या अलीकडं आहे. काळी वायर क्लिपनं स्पीकरच्या निगेटिव्हला अडकवा, लाल टोक रिलेच्या आतल्या, आउटपुटकडच्या पायावर. मीटर आधी मोठ्या डीसी रेंजवर. लाल टोक शेजारच्या पायावर घसरलं तर चांगले ट्रान्झिस्टर तिथंच जातात, म्हणून सवय नसेल तर हे काम कारागिरावर सोडा.

उजवी बाजू बारा मिलिव्होल्टवर स्थिर होती. चांगल्या अ‍ॅम्पमध्ये पन्नासच्या आत असतं. डावी बाजू गार असताना पस्तीस, दहा मिनिटांनी नव्वद, वीस मिनिटांनी तीनशेच्या पुढं, आणि सहाशे ओलांडले तसं टक्. बंद करून गार होऊ दिला की पुन्हा पस्तीस. म्हणूनच तो "गरम झाला की जातो, गार झाला की येतो" असा वाटत होता. उष्णता होतीच, पण अ‍ॅम्पच्या आतली साधी ऊब.

असं हळूहळू चढणारं डीसी दिसलं की मी फीडबॅकमधून ग्राउंडला जाणाऱ्या छोट्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरकडं बघतो. अ‍ॅम्प गाण्याला तीस-पस्तीस पट करतो. डीसी तसाच पट होऊ नये, हे या कपॅसिटरचं काम. तो म्हातारा होऊन गळायला लागला की आतली बारीकशी चूकही गाण्यासारखीच वाढत जाते, आणि इलेक्ट्रोलिटिकची गळती उबेनं वाढते. घरातून केस वाळवायचा ड्रायर आणला, कागदाची नळी करून वारा फक्त त्या कपॅसिटरवर सोडला. मीटर डोळ्यांदेखत पळायला लागलं. ड्रायर बाजूला केला की खाली. शेजारच्या ट्रान्झिस्टरांवर तोच वारा मारून बघितला, फारसा फरक नाही.

दोन्ही बाजूंचे कपॅसिटर बदलले, 105 अंशांपर्यंत टिकणारे टाकले. सोल्डरिंगनंतर पहिल्यांदा सिरीज बल्बवर, म्हणजे वीज एका बल्बमधून घेऊन चालू केला. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, तेव्हाच थेट लावला. तासाभरानं डावी बाजू अठरा मिलिव्होल्ट.

न्यायला आल्यावर काका म्हणाले, "आता एक फॅनही बसवून द्या की." मी नाही म्हटलं. मागाच्या शेडशेजारी फॅन म्हणजे सगळे तंतू आत ओढायचं यंत्र. त्यांना एक जुना रंगाचा ब्रश दिला आणि पिन काढून महिन्याला एकदा पट्ट्यांमधून फिरवायला सांगितलं.