अक्कांची शंभर गोळ्यांची बाटली

९ जून २०२५, सोमवार. शटर उघडून अर्धा तास झाला नसेल, उदबत्ती अजून जळत होती, तेवढ्यात अक्का आल्या. सोलापुरात अशोक चौकाच्या अलीकडे माझं दहा बाय बाराचं मेडिकल आहे आणि अक्का दुकान उघडल्यापासूनच्या गिऱ्हाईक. थायरॉईडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी एक. त्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि काउंटरवर ठेवली.

"दादा, नातू म्हणतोय तारीख गेलीय. बघा की जरा."

चष्मा लावून बघितलं. एक्स्पायरी ०५/२०२५. लेबलवर नुसता महिना-वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं, म्हणजे ३१ मे. आज नऊ जून. अक्का नऊ दिवस मुदत संपलेली गोळी खात होत्या, आणि ती मी दिली होती.

पहिला विचार मनात आला तो काही फार चांगला नव्हता. वाटलं, दुसऱ्या दुकानातली असेल. पण अक्कांनी बिलही जपून ठेवलं होतं, १२ एप्रिलचं, माझ्याच दुकानाचं. त्यावर मात्र बॅच वेगळी आणि एक्स्पायरी ०८/२०२६! बिलात पुढच्या वर्षीचा ऑगस्ट, बाटलीवर या वर्षीचा मे.

अक्कांना बसायला स्टूल दिलं आणि आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. मुदत संपली की या गोळीचं लगेच विष होत नाही, पण तिची ताकद पुरेशी राहिली आहे याची हमी संपते. आणि थायरॉईडच्या गोळीत थोड्याशा कमी-जास्तीनेही फरक पडतो, त्यामुळे 'काही होत नाही हो' म्हणायचा अधिकार माझा नाही. डॉक्टर म्हणाले, नवी बाटली आजच द्या, डोस तोच ठेवा, पुढची रक्ततपासणी थोडी अलीकडे घेऊ. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि अक्कांच्या घरावर पत्रा आहे. बाटली कुठे ठेवता म्हणून विचारलं तर गॅसच्या वरच्या फळीवर! ते वेगळंच प्रकरण, तेही समजावलं.

नवी बाटली द्यायला कप्प्याकडे वळलो आणि खरी गंमत तिथे कळली. कॉम्प्युटर सांगत होता, ऑगस्टवाल्या तीन बाटल्या शिल्लक. कप्प्यात होत्याही तीनच. पण तिन्ही मे महिन्याच्या. मुदत संपलेल्या तीन बाटल्या माझ्या विक्रीच्या कप्प्यात उभ्या होत्या आणि संगणकाच्या मते त्या अस्तित्वातच नव्हत्या.

दुपारी ऊन चढल्यावर गिऱ्हाईक थांबलं, तेव्हा दुकानातल्या पोराला शेजारी बसवून जानेवारीपासूनची सगळी बिलं काढली. हिशोब असा निघाला. जानेवारीत मेवाल्या सहा बाटल्या कप्प्यात होत्या, तेव्हा स्टॉकिस्टकडून ऑगस्टवाल्या दहा आल्या. माल लावताना पोराने जुन्या मागे ढकलून नव्या पुढे ठेवल्या. आमचा कप्पा भिंतीला लागून, मागून हात जात नाही, त्यामुळे पुढे ठेवणं हेच सोपं. मीही बघितलं असेल आणि काही बोललो नसेन.

आता सॉफ्टवेअर काय करतं, तर बिल करताना सर्वात आधी संपणारी बॅच आपणहून पुढे करतं. पोरगा औषधाचं नाव टाकतो, एंटर मारतो, मग वळून कप्प्यात हात घालतो आणि हाताला लागेल ती बाटली देतो. पहिल्या सहा गिऱ्हाइकांच्या बिलावर मे छापला गेला, पिशवीत मात्र ऑगस्ट गेला. सहा बिलं झाली आणि कॉम्प्युटरच्या लेखी मे संपला. पुढच्या चौघांना बिलातही ऑगस्ट आणि हातातही ऑगस्ट. तेवढ्यात पुढच्या दहा बाटल्या संपल्या आणि हात मागच्या बाटल्यांपर्यंत पोचला. अक्का अकराव्या.

म्हणजे 'आधी संपेल ते आधी विका' हे तत्त्व माझ्या दुकानात तंतोतंत पाळलं जात होतं, फक्त स्क्रीनवर. मी दर महिन्याला तीन महिन्यांत संपणाऱ्या मालाची यादी काढतो. त्या यादीत या बाटल्या आल्याच नाहीत, कारण कॉम्प्युटरच्या दृष्टीने त्या कधीच विकल्या गेल्या होत्या. मार्चअखेरीस आम्ही स्टॉक मोजला होता, तोही जुळला होता. नग तितकेच असणार ना! सोळातले जेवढे गेले तेवढे गेले. बॅच न बघता नुसते नग मोजले तर ही चूक कधीच सापडत नाही, हे मला वीस वर्षांनी कळलं.

"अण्णा, मी तर एंटरच मारला की," पोरगा म्हणाला. खरंच होतं त्याचं.

मेवाल्या सहापैकी तीन कप्प्यात, म्हणजे तीन बाहेर गेलेल्या. एक अक्कांची. उरलेल्या दोन कुणाकडे? बॅच नंबरवरून शोधायची सोय नाही, कारण बिलावरचा बॅच नंबरच खोटा. शेवटच्या दोन बिलांवर संशय होता, पण कप्प्यातून हात नेहमी रांगेतच जातो याची खात्री कोण देणार? मग मार्चपासून ही बाटली नेलेल्या सगळ्यांनाच फोन करायचं ठरवलं. अक्का सोडून पाच जण होते.

तिघांच्या बाटल्या ऑगस्टच्या निघाल्या. जुळे सोलापूरच्या एका गुरुजींनी मात्र २७ मे रोजी नेलेली बाटली हातात धरून अंक वाचून दाखवले, ०५/२०२५, आणि वर विचारलं, "चार दिवसांची मुदत राहिलेलं औषध शंभर दिवसांसाठी विकता का हो?" काय उत्तर देणार! पाचवे आजोबा विडी घरकुलात राहतात, त्यांना बारीक अक्षर दिसत नाही आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. संध्याकाळी स्कूटरवर जाऊन आलो. त्यांची बाटली मेचीच, पण सील तसंच होतं, आधीची अजून संपायची होती. त्यांनी मला चहा पाजला आणि एवढ्यासाठी आलास का म्हणून मलाच ओरडले.

गुरुजींचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. रात्री शटर अर्धं ओढून कॅलेंडर घेऊन बसलो. समजा सगळं नीट झालं असतं, पोराने जुन्या बाटल्या पुढे ठेवल्या असत्या, तर अक्कांच्या बाबतीतली चूक टळली असती. पण कुणातरी दुसऱ्याच्या बाबतीत ती होऊ शकली असती. बाटलीत गोळ्या शंभर, रोजची एक. ३१ मेच्या आत त्या संपायच्या तर पहिली गोळी २१ फेब्रुवारीला तोंडात जायला हवी. म्हणजे ती बाटली विकायचा शेवटचा दिवस २० फेब्रुवारी. त्यानंतर बाटलीवर मुदत असली तरी माझ्या दृष्टीने ती विक्रीतून बाद. माझी तीन महिन्यांची यादी मार्चच्या पहिल्या तारखेला निघते, म्हणजे यादीत नाव आलं असतं तरी उशीरच झाला होता.

तेव्हापासून मी मुदत बघताना औषध किती दिवस पुरणार हेही बघतो. पाच दिवसांच्या अँटिबायोटिकची स्ट्रिप महिनाभर मुदत असली तरी निर्धास्त देतो. बीपीची तीच मुदत असलेली स्ट्रिप, लेकाकडे पुण्याला तीन महिने चाललेल्या काकांना देत नाही, त्यांना मागची, लांब तारखेची देतो. आधी संपेल ते आधी विकायचं, पण ज्याच्या घरी ते मुदतीत संपेल त्यालाच. त्यासाठी बिल करताना एक प्रश्न वाढलाय, "किती दिवसांचं न्यायचंय?" काही गिऱ्हाइकांना वाटतं, उधारीचा अंदाज घेतोय.

त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री आम्ही कप्पा कप्पा रिकामा केला. बॅच वाचायची, कॉम्प्युटरशी लावायची, पुन्हा ठेवायची. त्यात एका मलमाने वेगळाच धडा दिला. मेमध्ये स्कीममध्ये आलेल्या ट्यूबांची मुदत जानेवारीत आलेल्या ट्यूबांपेक्षा आधी संपत होती. नवा माल नेहमी मागे लावायचा ही माझ्या वडिलांच्या वेळची शिस्त, पण ती इथे उलटी पडली असती. आता माल आला की पोरगा आधी तारीख वाचतो, मग जागा ठरवतो. बाटलीच्या झाकणावर आणि खोक्याच्या पुढच्या बाजूला मार्करने महिना-वर्ष मोठ्या आकड्यांत लिहितो, आणि बिल करताना हातातल्या झाकणावरची तारीख स्क्रीनवरच्या तारखेशी लावूनच एंटर मारतो. दिसायला गचाळ दिसतं. असू दे.

कापलेल्या स्ट्रिपा तर डब्बाभर निघाल्या. कुणी चार गोळ्या मागितल्या की पोरगा सोयीच्या टोकाकडून कापायचा, आणि नेमकं बॅच-तारखेचं टोक गिऱ्हाइकाबरोबर जायचं. मागे उरलेल्या सहा गोळ्यांचा जन्म कधीचा आणि मरण कधीचं, देव जाणे. तारीख दिसत नाही ती गोळी विकायची नाही, म्हणून त्या सगळ्या बाद केल्या. आता तारखेचं टोक सगळ्यात शेवटी कापायचं.

मुदत संपलेला माल परत जाईपर्यंत दुकानात ठेवायला नियमाने परवानगी आहे, पण विक्रीच्या मालापासून वेगळा आणि वरच्या बाजूला 'विक्रीसाठी नाही' असं ठळक लिहिलेल्या खोक्यात. तसं एक खोकं जिन्याखाली केलं. कप्प्यातल्या तीन, आजोबांची सीलबंद, गुरुजींची आणि अक्कांची, अशा सहा बाटल्या त्यात गेल्या. अक्कांच्या बाटलीत बेचाळीस गोळ्या उरल्या होत्या. स्टॉकिस्टच्या माणसाने चार सीलबंद बाटल्या घेतल्या, क्रेडिट नोट पुढच्या महिन्यात, तीही थोडी कापून. फोडलेल्या दोन बाटल्या बघून तो हसला आणि खोक्यात परत ठेवल्या. त्यांचा तोटा माझा. दीडेकशे-दोनशे रुपयांची बाटली, त्याचं काही नाही. पण जानेवारीतच कप्प्याकडे बघितलं असतं तर सहाच्या सहा मुदतीत खपल्या असत्या.

अक्कांना त्या दिवशी चार वाजता स्टॉकिस्टकडून मागवलेली नवी बाटली घरी पोचवली, पैसे घेतले नाहीत. रक्ताचा रिपोर्ट ठीक आला.

सप्टेंबरात त्या पुन्हा आल्या. पोराने बाटली पुढे केली, तशी त्यांनी झाकण उजेडाकडे धरलं.

"हे कुठवर रे?"

"पुढच्या वर्षीच्या शेवटापर्यंत, अक्का."

"आणि माझ्या गोळ्या?"

पोरगा कॅलेंडरकडे गेला, पानं उलटली. "नाताळपर्यंत."

अक्कांनी बोटांवर महिने मोजले, दोनदा मोजले, आणि मगच बाटली पिशवीत टाकली.