मध्यरात्रीचं विमान आणि व्हिसाची तारीख

आज दिवसभर पुण्याच्या एका ग्रुपची रशियाच्या टूरची कागदं करत बसले होते. टूरवाल्यांची इंग्रजी आयटिनररी रशियनमध्ये करायची आणि मॉस्कोच्या कंपनीकडून आलेलं निमंत्रणाचं पत्र तिच्याशी ताडून पाहायचं.

आयटिनररीत शेवटच्या ओळीला होतं, ‘18 तारखेला रात्री विमानतळाकडे प्रस्थान’. निमंत्रणातही मुक्काम 18 पर्यंतच. तिकीट मागवून घेतलं, तर विमान रात्री 00:50 चं, म्हणजे 19 तारखेचं! पर्यटक व्हिसा निमंत्रणातल्या तारखांवरच बनतो आणि शेवटच्या दिवशी मध्यरात्री संपतो. पासपोर्ट तपासणीच्या रांगेत बारा वाजून गेले, तर मुदत संपलेल्या व्हिसावर उभे. शिवाय विमान लेट होतंच की! म्हणून सरळ मॉस्कोला कळवलं, की बाहेर पडण्याची तारीख 19 करून नवं पत्र पाठवा. अनुवादात आपण तारीख बदलून चालत नाही, मूळ कागदच बदलायला हवा.

मग नावं. आपल्या पासपोर्टात बहुतेकदा नावापुढेच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. रशियन पद्धतीत वडिलांच्या नावाचा वेगळा रकाना असतो, म्हणून तिथले लोक ते उचलून तिकडे टाकतात. एका काकूंच्या नवऱ्याचं नाव असंच तिकडे गेलं होतं. तेही दुरुस्तीच्या यादीत घातलं.

टूरवाल्यांचा फोन, “मॅडम, एका दिवसानं काय होतंय?” त्यांना तिकीटच परत पाठवलं, वेळेभोवती लाल गोल करून.