लोकरीच्या कार्डिगनसाठी सुती धागा : पाठ पूर्ण होईपर्यंतची नोंद

मूळ नमुना डीके जाडीच्या शुद्ध लोकरीसाठी लिहिलेला आहे. त्यात 4 मिमी सुयांवर 10 सेमीत 22 टाके व 30 ओळी येतात, 50 ग्रॅमच्या गुंडीत 120 मीटर लोकर असते आणि माझ्या मापाला 8 गुंड्या, म्हणजे 960 मीटर लागतात. पुण्याच्या हवेत संपूर्ण लोकरीचे कार्डिगन वर्षातून जेमतेम महिनाभर घातले जाईल, म्हणून धागा बदलण्याचे ठरवले. गुंड्यांची संख्या किंवा ग्रॅम यांवरून हिशेब केल्यास फसगत होते. पर्यायी धागा मोजावा तो मीटरांतच.

पहिली चूक मात्र मीटरांवर आंधळा विश्वास ठेवल्यामुळेच झाली. 50 ग्रॅमला नेमका 120 मीटर भरणारा सुती धागा मिळाला, तेव्हा जोडी जुळली असे वाटले. पण त्याच सुयांवर विणलेला तुकडा खिडकीसमोर धरला तर पलीकडचे दिसत होते. कापसाचा तंतू लोकरीच्या तंतूपेक्षा जड असतो आणि लोकरीच्या कुरळेपणामुळे तिच्या धाग्यात जी हवा अडकून राहते, ती सुती धाग्यात फारशी नसते. त्यामुळे ग्रॅममागे तेवढेच मीटर देणारा सुती धागा प्रत्यक्षात बारीक असतो. पट्टीवर दोन्ही धागे न ताणता, शेजारी शेजारी गुंडाळून पाहिल्यावर 5 सेमीत लोकरीचे 24 वेढे बसले, तर सुताचे 31. हे आधी केले असते तर ती गुंडी घ्यावी लागली नसती.

जाडी जुळणारा दुसरा सुती धागा 50 ग्रॅमला 85 मीटरचा होता. टाक्यांचे गेज तंतोतंत बसले, परंतु 960 मीटरसाठी 12 गुंड्या घ्याव्या लागणार होत्या आणि कार्डिगनचे वजन 400 ग्रॅमवरून सुमारे 565 ग्रॅमवर जाणार होते. हे वाढीव वजन खांद्यांवरून लोंबत राहते आणि सुती टाका ताणला गेला की लोकरीसारखा उसळी मारून परत येत नाही, म्हणून नमुन्याचा तुकडा नुसता धुऊन मोजणे पुरेसे नव्हते. 15 सेमीचा चौकोन धुऊन वाळवला, खालच्या कडेला कपडे वाळत घालायचे चार चिमटे लावले आणि दोन दिवस दोरीवर टांगून ठेवला. त्यानंतर 10 सेमीत 30 ऐवजी 27 ओळी भरल्या. पाठीच्या 168 ओळी मूळ गेजने 56 सेमी होतात. या गेजने त्या 62 सेमीच्या वर गेल्या असत्या. शिवाय कापड जाडसर आणि ताठ पडत होते, त्यामुळे नक्षीतल्या जाळीची छिद्रे उठून दिसण्याऐवजी लांबुळकी होत होती.

अखेरीस निम्मा कापूस व निम्मे अ‍ॅक्रिलिक असा, 50 ग्रॅमला 110 मीटरचा चार पदरी धागा निवडला. अ‍ॅक्रिलिक वजनाने हलके असते आणि थोडी उसळीही देते. यात अंदाजे वजन 436 ग्रॅम येते. 9 गुंड्या पुरतील, पण एकाच रंगाच्या लॉटमधल्या 10 घेतल्या. टांगलेल्या तुकड्यात 10 सेमीत 29 ओळी आल्या, म्हणजे 56 सेमीसाठी 162 ओळी हव्यात. जाळीच्या नक्षीची एक आवृत्ती 6 ओळींची असल्यामुळे काखेच्या खाली एक आवृत्ती वगळली आणि मुंढ्याला हात लावला नाही. पीळ मात्र सैल आहे. बोथट टोकाच्या सुया घेतल्यापासून पदर फुटण्याचा त्रास कमी झाला.

दोन सुलट-दोन उलट किनारीसाठी नमुन्यात 3.25 मिमी सुया सांगितल्या आहेत. लोकरीची किनार आकसून कमरेला धरून राहते, ही तशी राहत नाही, झालरीसारखी पसरते. म्हणून ती उसवून 2.75 मिमीवर पुन्हा विणली. एवढे करूनही ती लोकरीइतकी आवळली जाणार नाही, हे गृहीत धरले आहे.

पाठ पूर्ण झाली असून तिला 152 ग्रॅम, म्हणजे साधारण 334 मीटर धागा लागला. धुऊन टांगल्यावर लांबी 56.5 सेमी भरली. खांद्यांची शिवण नमुन्यात आहेच. मागच्या गळ्यावर आतून क्रोशाची साखळी घालून तीही पक्की करणार आहे, नाहीतर कार्डिगनचे सगळे वजन तिथेच ओढ घेईल. सध्या डाव्या पुढच्या भागाचे टाके सुईवर आहेत.