आमची वाटचाल : त्रेचाळीस ओळींची फाईल

२००९ साली कोल्हापुरात राजारामपुरीत एका गाळ्यात दोन कॉम्प्युटर आणि एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घेऊन आम्ही बसलो, तेव्हा काम एकच होतं. फौंड्रीवाल्यांचे चेक छापून द्यायचे. टॅलीतनं पार्टीचं नाव आणि रक्कम उचलायची, चेक ट्रेमध्ये सरळ बसवायचा आणि अक्षरी रक्कम रेघेवर आली की खाली आली ते बघायचं. तो ट्रे मी उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडनं पत्रा वाकवून करून घेतला होता. आजही कपाटावर आहे, टाकवत नाही.

पुढं चेक कमी झाले आणि बँकांनी एकगठ्ठा पेमेंटची फाईल घ्यायला सुरुवात केली. चाळीस सप्लायरची चाळीस पेमेंटं एका फाईलीत टाका, पोर्टलवर चढवा, मालकानं एकदा मंजुरी दिली की सगळ्यांना एनईएफटी. टॅलीतनं ही फाईल बँकेला हवी तशी काढून देणारा प्रोग्रॅम आम्ही लिहिला. सोबत प्रत्येक सप्लायरला पेमेंट ॲडव्हाइसचा ईमेल जायचा. कुठली बिलं, टीडीएस किती कापला, रिजेक्शनची डेबिट नोट किती, हातात किती, हे सगळं त्यात.

त्याचे पहिले गिऱ्हाईक अण्णा. शिरोली एमआयडीसीत त्यांची फौंड्री. प्रोग्रॅम बघून एवढंच म्हणाले, "ईमेल गेला की फोन बंद होत्यात का? तेवढं सांगा." दर दहा तारखेला त्यांच्या अकाउंटंटकडं 'माझं किती सोडलं' म्हणून पन्नास फोन यायचे. पहिल्या महिन्यात ते दहा-बारावर आले. अण्णांनी पैसे रोख मोजून दिले आणि पुढच्या दोन वर्षांत स्वतःच्या तोंडानं नऊ गिऱ्हाइकं आणून दिली. मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता २०१८ ची दिवाळी. धनत्रयोदशी सोमवारी, ५ नोव्हेंबरला होती. म्हणजे सप्लायरचे पैसे शनिवारी ३ तारखेलाच सोडायला पाहिजेत. अण्णांच्या फाईलीत त्रेचाळीस ओळी होत्या, एकूण १७,८६,२४० रुपये. पॅटर्नवाला, फेटलिंगचे ठेकेदार, वाळूवाला, जॉबवर्कची मशीन शॉपं, टेंपोवाले. रोजचेच सगळे.

आमच्या प्रोग्रॅमनं फाईल बरोबर काढली. अण्णांनी मंजुरीच्या कागदावर सही केली, ४३ ओळी, १७,८६,२४०. मग अकाउंटंटनं चढवायच्या आधी ती एक्सेलमध्ये उघडली, कारण मोठ्या रकमा वर असल्या की पोर्टलवर बघायला बरं पडतं. त्यानं फक्त रकमेचा कॉलम निवडला आणि उतरत्या क्रमानं लावला. शेजारी डेटा असला की एक्सेल विचारतं, `Expand the selection` की `Continue with the current selection`? घाईत त्यानं दुसरं दाबलं, फाईल सेव्ह केली आणि चढवली.

झालं काय ते बघा. नावं जागेवर. खाते क्रमांक जागेवर, नाव आणि खातं यांची जोडीही बरोबर. फक्त रकमा वरखाली सरकल्या. अण्णा फौंड्रीत होते, मोबाईलवर पोर्टल उघडलं, ४३ ओळी, १७,८६,२४०, कागदाशी जुळलं, ओटीपी टाकला. अण्णांनी कुठंच कुचराई केली नव्हती. आम्हीच त्यांना शिकवलं होतं, ओळी मोजा आणि बेरीज बघा. रकमा आपसांत फिरल्या तर बेरीज हलतच नाही, हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

आणखी एक गोम होती. त्यांच्या खात्यातनं पूर्ण गठ्ठ्याची एकच रक्कम वजा व्हायची. बँकेच्या स्टेटमेंटवर १७,८६,२४० ची एकच ओळ, टॅलीतही गठ्ठा तेवढाच, म्हणजे बँक रिकन्सिलिएशन चोख जुळलेलं. ईमेल मूळ डेटावरनं गेलेले, त्यातले आकडे खरे. चूक फक्त सप्लायरच्या पासबुकात होती.

सोमवारी सकाळी पॅटर्नवाल्याचा फोन आला. "साहेब, ईमेलात साडेसेहेचाळीस हजार लिहिल्यात आणि खात्यावर अठराच आल्यात. बाकीचे कधी सोडताय?" दुपारपर्यंत असे अकरा फोन. सगळे कमी मिळालेल्यांचे. जास्त मिळालेल्यांपैकी एकाचाही नाही. मंगळवारी हिशेब लावला, २० जणांना कमी गेले, २१ जणांना जास्त, दोघांच्या रकमा नशिबानं जागेवरच राहिल्या. इकडं ४,१२,३५० कमी, तिकडं तेवढेच जास्त. धनत्रयोदशीला घरी आलेली लक्ष्मी दुसऱ्या दिवशी परत मागायची, हे काम कुणाच्या वाट्याला येऊ नये.

अण्णांनी कमी मिळालेल्यांना त्याच दिवशी दुसरी फाईल काढून पैसे दिले, म्हणजे चार लाख खिशातनं घातले. जास्त गेलेले नेहमीच्या सप्लायरकडनं पुढच्या बिलात वळते झाले. अडचण झाली ती पुढचं बिलच नसलेल्यांची.

मला खरं भोवलं ते पुढं. याच धंद्यातला एकजण, नाव घेत नाही, त्याचं दुकान आमच्यापासून लांब नाही, तो गावभर सांगत सुटला की 'ह्यांच्या प्रोग्रॅमनं पैसे भलत्याच्या खात्यात घातले.' भलत्याच्या खात्यात एक रुपया गेला नव्हता. पण एवढं ऐकून कोण घेतं? तसाच स्वतःचा प्रोग्रॅम त्यानं लेखा सॉफ्टवेअरबरोबर फुकट द्यायला सुरुवात केली. एकतीस गिऱ्हाइकं होती, मार्चपर्यंत बारा राहिली. दोन पोरांना घरी पाठवावं लागलं. त्याची फाईल तेव्हाही उघडी एक्सेल होती, म्हणजे आमच्यासारखीच फसायला तयार. हे मी तेव्हाही सांगत होतो.

अण्णा गेले नाहीत. म्हणाले, "चूक कुठं होती ते शोधा, मग बघू."

चूक शोधली ती अशी. सोयीसाठी दोनच ओळी घ्या. पॅटर्नवाल्याचं खातं २०९३ वर संपतं, देणं ४६,५००. टेंपोवाल्याचं ४४१७ वर संपतं, देणं १८,०००. बेरीज ६४,५००. रकमा अदलाबदल केल्या तरी ६४,५००. खाते क्रमांकांची बेरीज धरली तरी तीही हलत नाही. म्हणून प्रत्येक ओळीत खात्याचे शेवटचे चार आकडे गुणिले रक्कम करायची आणि त्या गुणाकारांची बेरीज धरायची. बरोबर ओळींची येते १७,६८,३०,५००. अदलाबदल झाली की २४,३०,६४,५००. लगेच पकडलं जातं. याला आम्ही राखण आकडा म्हणतो. मंजुरीच्या कागदावर बेरजेच्या खाली तो छापतो आणि फाईल चढवायच्या आधी पुन्हा काढतो. आमचा प्रोग्रॅम नसला तरी एक्सेलमध्ये एका ओळीत होतं, रक्कम C मध्ये आणि खातं D मध्ये टेक्स्ट म्हणून असेल तर :

```
=SUMPRODUCT(VALUE(RIGHT(D2:D44,4)),C2:C44)
```

टेक्स्ट म्हणून, हे मुद्दाम सांगतो. एक्सेल आकड्याचे पंधराच अंक धरतं, सोळा अंकी खात्याचा शेवटचा अंक शून्य करून टाकतं आणि सुरुवातीची शून्यं खाऊन टाकतं. त्या दिवशी आमचा तो कॉलम टेक्स्ट होता, नाहीतर निम्मी पेमेंटं परतच आली असती. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं, कारण परत आलेले पैसे लगेच दिसतात.

राखण आकड्यालाही मर्यादा आहे. सप्लायर मास्टरमध्येच खातं चुकीचं भरलेलं असेल, तर मंजुरीला आणि फाईलला दोन्हीकडं तोच चुकीचा आकडा येतो आणि छान जुळतो. खातं बदलल्याचा ईमेल आला की सप्लायरला जुन्या नंबरवर फोन करा, ईमेलातल्या नंबरवर नको. विचारलं नव्हतं तुम्ही, तरी सांगतो.

दुसरा बदल ईमेलचा. आधी फाईल निघाली की ॲडव्हाइस सुटायचे. आता बँकेची रिस्पॉन्स फाईल आल्याशिवाय एकही जात नाही. तिच्यात प्रत्येक ओळीचा यूटीआर म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, पैसे पोचले की परत आले आणि रक्कम किती, ते असतं. प्रोग्रॅम तिची रक्कम मंजूर रकमेशी ओळीओळीनं ताडतो. जुळली तर ईमेल जातो, यूटीआरसकट. नाही जुळली तर त्या ओळीचा ईमेल थांबतो आणि मालकाला एक जातो. ॲडव्हाइस तासाभरानं उशिरा पोचतात, त्यावर सुरुवातीला तक्रारी आल्या. मी ऐकल्या नाहीत.

तिसरं, खात्यातनं ओळीगणिक रक्कम वजा करून घ्या. स्टेटमेंट लांब होतं, अकाउंटंट कुरकुरतो, पण रिकन्सिलिएशनमध्ये चूक दिसते तरी.

हल्ली लोक म्हणतात, आता रिझर्व्ह बँकेनं २०२५ पासून एनईएफटी, आरटीजीएस करताना खातेदाराचं नाव दाखवायला लावलंय, मग आता तुमचं काय काम? नाव चुकत असेल तिथं त्याचा उपयोग आहेच. पण आमच्या त्रेचाळीस ओळींत त्रेचाळीस नावं बरोबर होती.

गिऱ्हाइकं परत आली, सगळी नाही. त्या फुकटवाल्याकडं गेलेल्यांपैकी चौघे दोन वर्षांनी आले, का आले ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पॅटर्नवाल्याचा फोन अजून येतो, ईमेल पोचल्यावर. "जुळलं बघा साहेब," एवढंच.

एका टेंपोवाल्याकडं त्या दिवाळीचे ६,२०० रुपये राहिले. त्यानं गाडी विकली, गाव सोडलं. अण्णांच्या टॅलीत त्याचं लेजर अजून उघडं आहे, ६,२०० डेबिट. दर मार्चला सीए म्हणतो राइट ऑफ करू. अण्णा म्हणतात, राहू दे की, काय खायला मागतंय ते?