‘संपूर्ण लेखन’ म्हणजे नेमके किती? एका प्रस्तावाच्या छाननीचा माझा अनुभव

आमच्या पतसंस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त संस्थेचा इतिहास पुस्तकरूपाने काढायचे ठरले आणि लेखनासाठी आलेला प्रस्ताव तपासण्याचे काम समितीची निमंत्रक म्हणून माझ्याकडे आले. प्रस्ताव स्वतंत्रपणे लेखन करणाऱ्या एका अनुभवी लेखिकेचा होता. दीड पानांच्या त्या मजकुरात कामाचे वर्णन एकाच वाक्यात होते: ‘संस्थेच्या इतिहासाचे संपूर्ण लेखन, छायाचित्रांसह, आवश्यक त्या दुरुस्त्या करून, मानधन रु. १,२०,०००; निम्मे आगाऊ, निम्मे काम पूर्ण झाल्यावर.’

पहिल्या वाचनात मला यात काही खटकले नाही. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी प्रत्येक शब्दापुढे ‘हे झाले की नाही, हे कोण आणि कशावरून ठरवणार?’ असा प्रश्न लिहीत गेले, तेव्हा त्या एका वाक्यातील जवळपास प्रत्येक शब्द अडखळू लागला. ‘संपूर्ण’ला शब्दसंख्या नव्हती. ‘छायाचित्रांसह’ म्हणजे कपाटातील जुने फोटो निवडणे, स्कॅन करणे आणि त्यांच्या ओळी लिहिणे यांपैकी काय, ते कळत नव्हते. जुन्या सभासदांच्या मुलाखती कोण घेणार आणि इतिवृत्तांच्या वह्या कोण चाळणार, याचा तर उल्लेखच नव्हता. वास्तविक अशा पुस्तकात सर्वांत जास्त वेळ त्यातच जातो.

मी लेखिकेला फोन केला. त्या म्हणाल्या, “माझ्या हिशेबात चाळीस हजार शब्द आणि बारा मुलाखती आहेत. तुमच्या मनात किती आहे?” आमच्या मनात काहीच आकडा नव्हता, हे मला मान्य करावे लागले. मग आम्ही तेच आकडे प्रस्तावात घातले. फोटोंची निवड आणि स्कॅनिंग संस्थेकडे आले, ओळी लिहिणे त्यांच्याकडे राहिले. मजकूर युनिकोडमध्ये मिळेल, हेही लिहून घेतले, कारण आमचा मुद्रक जुन्या फॉन्टमध्ये पाने लावतो आणि रूपांतर करताना जोडाक्षरे तुटतात. त्यानंतरचे मुद्रितशोधन लेखिकेच्या कामात धरायचे नाही, असे ठरले.

दुरुस्त्यांच्या कलमावर मी सर्वाधिक वेळ दिला. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेच्या वेळी सातही संचालकांनी आपापल्या सूचना वेगवेगळ्या पाठवल्या होत्या, त्यांतील काही परस्परविरोधी होत्या, आणि त्या लेखकाचा शेवटचा हप्ता अनेक महिने अडकून पडला होता. ती चूक आमची होती आणि ती मला पुन्हा होऊ द्यायची नव्हती. म्हणून नव्या प्रस्तावात दुरुस्तीच्या दोन फेऱ्या ठरवल्या. प्रत्येक फेरीत सर्वांच्या सूचना एकाच यादीत, फक्त निमंत्रकामार्फत, मसुदा मिळाल्यापासून पंधरा दिवसांत जातील. लेखिकेकडून राहिलेली तारखेची किंवा नावाची चूक या फेऱ्यांत मोजायची नाही; ती केव्हाही विनामूल्य दुरुस्त होईल. मात्र आराखडा मंजूर झाल्यावर सुचवलेले नवे प्रकरण ही दुरुस्ती नसून नवे लेखन आहे, आणि मूळ हिशेब शब्दाला तीन रुपये पडत असल्याने त्याचाही दर तोच राहील.

पैशांच्या टप्प्यांत खरी अडचण ‘काम पूर्ण झाल्यावर’ या शब्दांची होती. मंजुरी द्यायची आम्ही आणि तिला मुदत नाही, म्हणजे साठ हजार रुपये आमच्या बैठकांच्या सोयीवर अवलंबून राहणार होते. उलट निम्मी रक्कम आगाऊ दिली असती, तर हाती एकही पान नसताना संस्थेचेही तेवढेच पैसे अडकले असते. शेवटी करारावर सही होताना २४,०००, आराखडा व पहिली दोन प्रकरणे मिळाल्यावर ३०,०००, पूर्ण पहिला मसुदा मिळाल्यावर ४२,००० आणि अंतिम प्रतीनंतर २४,००० अशी विभागणी केली. अंतिम प्रत मिळाल्यापासून एकवीस दिवसांत आमच्याकडून लेखी हरकत गेली नाही, तर ती मंजूर समजली जाईल, हे वाक्य लेखिकेने सुचवले आणि मला ते रास्त वाटले. या रकमांतून दहा टक्के टीडीएस कापला जाईल, हेही स्पष्ट लिहिले, म्हणजे २४,००० ऐवजी खात्यात २१,६०० आले तर गैरसमज नको.

दीड पानांचा प्रस्ताव चार पानांचा झाला, तेव्हा एका संचालकांनी ‘इतका अविश्वास कशाला?’ असे विचारले. पहिला मसुदा आल्यावर त्यांनीच नव्या शाखेवर स्वतंत्र प्रकरण हवे, अशी सूचना केली. मी तिसऱ्या पानावरचे कलम त्यांच्यासमोर ठेवले. तीन हजार शब्दांचे नऊ हजार रुपये होतात, हा हिशेब त्यांनी स्वतः केला आणि त्याच बैठकीत तसा ठराव मांडला.